पत्रक शेवटच्या घरी पोचतं तेव्हा

वडसा आणि आजूबाजूच्या गावांतले बरेच ग्रामसंघ आता दर महिन्याला एक पत्रक काढतात. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. गटागटाला एक प्रत, अंगणवाडीच्या भिंतीला एक, आणि एक फोटो मोबाइलवर. पत्रक झेरॉक्सला जाण्याआधी आम्ही दोघी-तिघी ते तपासतो. शुद्धलेखन बघायला अर्धा तास पुरतो, पण खरं काम वेगळंच असतं. ते काय असतं हे एका पत्रकावरून सांगतो. पत्रक आहे डिसेंबर २०२५ चं. ग्रामसंघाचं नाव घेत नाही, कारण अशीच पत्रकं आमच्याकडे कितीतरी गावांतून येतात.

पत्रक हाताने लिहून आलं होतं, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या बाजूला वर ग्रामसंघाचं नाव, खाली अध्यक्षताईंचं मनोगत. त्यानंतर 'मागील महिन्याचा अहवाल' हे नाव देऊन चाळीसेक ओळींचा एकच मोठा परिच्छेद. त्यात दिवाळीतला फराळाचा स्टॉल होता, ग्रामसभा होती, एक प्रशिक्षण होतं, कोण पाहुणे आले आणि कोणी आभार मानले तेही होतं. कागद उलटला की अहवालाचं शेपूट, आणि अगदी तळाशी 'सूचना'. सूचना सात. पाचवी सूचना अशी होती: 'लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची अंतिम मुदत १८ नोव्हेंबर असून तरी सर्व भगिनींनी सदर बाबीची नोंद घेऊन आवश्यक ती कार्यवाही करावी.'

पत्रक तपासायचं तर आम्ही आधी ते स्वतः वाचत नाही. ज्या गटासाठी ते आहे, त्या गटातली एखादी पाचवी-सहावी शिकलेली बाई बोलावतो आणि कागद तिच्या हातात देतो. वाचून दाखव असं म्हणत नाही. तीन प्रश्न विचारतो. या महिन्यात कुठे जायचं आहे? कधी? सोबत काय न्यायचं? आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो. दहा आकड्यांत तिचं बोट योग्य जागी गेलं तर पत्रक ठीक. नाही गेलं तर तिचं काही चुकलेलं नसतं, कागद बदलायचा असतो.

त्या दिवशी एका काकूंना बोलावलं होतं. त्यांचं बोट मनोगतावरून अहवालात गेलं, अहवालात अडकलं, परत वर आलं. मग त्यांनी कागद उलटला. बऱ्याच वेळाने पाचव्या सूचनेवर बोट टेकलं आणि त्या म्हणाल्या, "अठरा नोव्हेंबर? मंग मुदत तं गेली. माझं राह्यलंच." दिवस होता २७ नोव्हेंबर.

मुदत गेली नव्हती. सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सांगितली तेव्हा दोन महिन्यांची मुदत होती, म्हणजे १८ नोव्हेंबरपर्यंत. ती संपता संपता वाढवून ३१ डिसेंबर केली गेली. पत्रकातली ओळ आधीच्या महिन्याच्या पत्रकातून जशीच्या तशी उतरवलेली होती. आणि काकूंची अडचण तारखेपुरतीच नव्हती. या ई-केवायसीत तेव्हा बाईचा स्वतःचा आधार क्रमांक तर लागायचाच, शिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही लागायचा, आणि त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यायचा. काकूंचे यजमान वारले आहेत, वडीलही नाहीत. ओटीपी यायचा कुणाच्या फोनवर? आपल्यासाठी यात वाटच नाही असं समजून त्या गप्प बसल्या होत्या. मुदत वाढवताना यावरही सांगितलं गेलं होतं. नवरा किंवा वडील हयात नसतील, किंवा घटस्फोट झाला असेल, तर बाईने स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. पत्रकात त्याचा एक शब्दही नव्हता. त्या ओळीच्या भरवशावर राहिल्या असत्या तर महिन्याचे पंधराशे अडकायची पाळी होती.

म्हणून आम्ही आधी शिळ्या बातमीपासून सुरुवात करतो. शिळी बातमी म्हणजे निव्वळ जुनी बातमी नाही. दिवाळीच्या स्टॉलची बातमी जुनी होती, पण तिने कोणाचं नुकसान होत नव्हतं, ती फक्त जागा खात होती. नुकसान करते ती बदललेली तारीख, कारण ती ताजी दिसते. तिच्यावर विश्वास ठेवून बाई घरी बसते, नाहीतर उगाच धावते. त्यामुळे मागच्या महिन्यातून उतरवलेली प्रत्येक तारीख आम्ही लाल पेनने गोल करतो आणि ती आज कोणाकडून खात्री केली ते बाजूला लिहितो. अंगणवाडी ताई, ग्रामपंचायत, बँक, नाहीतर योजनेचं स्वतःचं संकेतस्थळ. मोबाइलवर फिरत आलेला निरोप खात्री म्हणून धरत नाही. खात्री झाली नाही तर ती तारीख छापायची नाही. 'मुदत अंगणवाडीत विचारा' असं लिहिलेलं परवडतं, चुकीची तारीख परवडत नाही.

दुसरी एक शिळी बातमी असते, ती लिहिताना ताजी असते आणि पोचताना शिळी होते. ही बहुतेकींच्या लक्षात येत नाही. त्याच पत्रकात दुसरी सूचना होती, '४ डिसेंबरला ग्रामसंघाची बैठक आहे, सर्वांनी यावे.' वाचायला काहीच खटकत नाही. मग आम्ही ग्रामसंघाच्या लिपिकाताईंना विचारलं की हा कागद कसा कसा जातो ते सांगा. २७ ला तपासणी, शनिवारी २९ ला वडशात झेरॉक्स, सोमवारी १ तारखेला सीआरपी ताईंच्या हातात. सीआरपी ताई काही घरोघर फिरत नाहीत, गटाची आठवड्याची बैठक असेल तेव्हा देतात. अकरा गटांचे वार वेगवेगळे. काही गटांची बैठक रविवारी, म्हणजे त्यांना कागद मिळणार ७ तारखेला. त्यात डिसेंबर म्हणजे धानाचं चुरणं, एखादी बैठक एक दिवस पुढे ढकललीच जाते. म्हणजे शेवटच्या घरी पत्रक पोचणार ८ तारखेला. ४ तारखेच्या बैठकीचं बोलावणं ८ तारखेला मिळून काय करायचं?

तेव्हापासून आम्ही प्रत्येक ग्रामसंघाला हा हिशेब एकदा कागदावर मांडायला लावतो. पत्रक शेवटच्या घरी कोणत्या दिवशी पोचतं ते ठरवायचं. त्या दिवसाच्या आत जे घडणार आहे ते पत्रकात घालायचं नाही, त्यासाठी फोन करायचा किंवा सीआरपी ताईंनी तोंडी सांगायचं. पत्रकात बोलावणं द्यायचं ते त्या दिवसाच्या पुढचंच. याच कारणाने 'उद्या', 'येत्या सोमवारी', 'नुकतंच', 'चालू महिन्यात' हे शब्द आम्ही खोडतो. कागद १ तारखेला वाचणारीचा येता सोमवार वेगळा आणि ८ तारखेला वाचणारीचा वेगळा. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं. दोन्ही लिहिल्याने आणखी एक फायदा होतो, लिहिणारीची चूक तिथल्या तिथे सापडते. 'गुरुवार, १० डिसेंबर' असं लिहिलेलं दिसलं की कॅलेंडर काढून बघता येतं की १० ला तर बुधवार आहे.

आता कागदावर काय कुठे ठेवायचं ते बघू. यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि नाटक मंडळींची बुकिंगची दुकानं इथे वडशातच आहेत. मंडई असो की शंकरपट, नाटकाचं पत्रक हातात पडलं की काय होतं ते आठवा. चालता चालता नजर टाकली तरी कळतं, नाटक कोणतं, गाव कोणतं, रात्र कोणती, तिकीट किती. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही कळतं की मोठ्या अक्षरातलं ते नाटकाचं नाव आणि तारीख कुठे असते ती जागा, मग ती पोराला बोट दाखवून तेवढंच वाचायला सांगते. मंडळाने नाटकाच्या पत्रकात मनोगत आधी छापलं आणि तारीख मागच्या बाजूला तळाशी टाकली, तर मांडवात कोणी येईल का? (त्याच पत्रकांचा एक दोषही सांगून ठेवतो. हंगाम संपला तरी ती भिंतीवर राहतात आणि मे महिन्यात जानेवारीतलं नाटक दिसत राहतं.)

तर त्या डिसेंबरच्या पत्रकात आम्ही जागा ठरवल्या. पहिल्या बाजूला वर एक चौकट, तिच्यात फक्त या महिन्याचं एक काम. चौकटीच्या खाली तारखा, एका ओळीत एक. कागद उलटला की पैशांचा हिशेब, म्हणजे ग्रामसंघाकडे शिल्लक किती, या महिन्यात कर्ज कोणत्या गटाला गेलं, परतफेड कोणाची आली. त्याच्या खाली मागच्या महिन्यात काय झालं ते चार ओळींत. मनोगत काढलं नाही, पण तीन ओळींचं केलं आणि शेवटी ठेवलं. अध्यक्षताई थोड्या नाराज झाल्या, ते साहजिक आहे. पण काकूंचं बोट पहिल्यांदा कुठे अडकलं होतं ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. एकदा ठरलेल्या जागा पुढच्या महिन्यात बदलायच्या नाहीत. तीन-चार महिन्यांनी बाया कागद न वाचता थेट त्या जागेकडे बघतात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

मथळ्यांचंही असंच. 'सूचना', 'महत्त्वाचे', 'अहवाल' हे मथळे काहीच सांगत नाहीत. 'सूचना' वाचून बाईला हे कळत नाही की पुढचं आपल्यासाठी आहे की नाही. त्याऐवजी बातमीच मथळ्यात आणायची. 'ई-केवायसी ३१ डिसेंबरपर्यंत', 'स्टॉलचे पैसे गटांच्या खात्यात जमा'. ज्या बाईने फक्त मथळे वाचले तिलाही निम्मं पत्रक कळलं पाहिजे. आणि चाळीस ओळींचा परिच्छेद असेल तर त्यातून आम्ही असं निवडतो: ही गोष्ट घडल्यामुळे आता कोणाचं काही बदललं का? स्टॉलचे पैसे खात्यात आले, हे ठेवायचं. प्रशिक्षणात सांगितलेलं कोणाला विचारायचं ते ठेवायचं. पाहुण्यांचं स्वागत कोणी केलं ते ग्रामसंघाच्या इतिवृत्तात आहे, तिथेच राहू द्यायचं. चाळीसच्या चार ओळी अशा झाल्या.

खरी ओढाताण झाली ती सात सूचनांवर. बचत ५ तारखेच्या आत भरा. बैठकीला या. आरोग्य तपासणीला या. विम्याचा फॉर्म भरा. ई-केवायसी करा. प्रदर्शनासाठी वस्तूंची नावं द्या. हजेरी वही पूर्ण करा. लिपिकाताई म्हणाल्या, "सातही महत्त्वाच्या आहेत, कोणती काढू?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सात कामं एका कागदावर दिली की बाई त्यातलं सोपं काम करते, नाहीतर कोणतंच करत नाही, आणि दोष तिला लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक सूचनेला दोन प्रश्न लावले. पुढचं पत्रक येईपर्यंत हे काम थांबू शकतं का? आणि हे न केल्याने बाईचं नुकसान होणार की फक्त आपल्या कागदांचं? बचत दर बैठकीत भरतातच, ते पत्रकाने सांगायला नको. हजेरी वही हे लिपिकाताईंचं काम, सगळ्या बायांचं नाही. प्रदर्शनाची नावं जानेवारीच्या १५ पर्यंत चालणार होती, म्हणजे ती पुढच्या पत्रकात. ४ तारखेची बैठक पोचण्याआधीच होऊन जाणार. आरोग्य तपासणी आणि विमा तारखांच्या ओळीत गेले, कारण तिथे ज्यांना हवं त्या बघतील. चौकटीसाठी उरली ई-केवायसी.

एक काम ठरलं तरी ते लिहिता आलं पाहिजे. 'नोंद घेऊन आवश्यक ती कार्यवाही करावी' या वाक्याचं आम्ही कधीकधी हसून घेतो, कारण ते वाचून उठून उभं राहिलेली बाई आम्ही पाहिलेली नाही. कोणती कार्यवाही? कुठे? चौकटीत आम्ही हे लिहिलं:

'बुधवार, १० डिसेंबर, सकाळी ७ ते १०. अंगणवाडीत या.
लाडकी बहीण ई-केवायसी अजून झाली नाही, त्या सगळ्यांनी.
सोबत आणा: तुमचं आधार आणि मोबाइल. नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांचा मोबाइल.
ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणा. घटस्फोट झाला असेल तर त्याचा कागद आणा.
मुदत ३१ डिसेंबर. (ही माहिती २७ नोव्हेंबरला तपासली.)'

यातला प्रत्येक शब्द का आहे ते सांगतो. मुदत ३१ तारीख असताना १० तारीख का? कारण ते संकेतस्थळ शेवटच्या दिवसांत अडकतं, ओटीपी येत नाही, हे नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनी भोगलं होतं. एकदा फसलं तर दुसऱ्यांदा यायला तीन आठवडे हातात राहतात. सकाळी ७ का? साडेदहानंतर बाया खळ्यावर असतात, आणि सकाळी संकेतस्थळही जरा बरं चालतं. नवऱ्याचा मोबाइल वेगळा का लिहिला? कारण बाया आधार कार्ड आणतात आणि फोन घरी किंवा शेतात नवऱ्याच्या खिशात राहतो. शिवाय धान निघालं की बरीच माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. फोन त्यांच्यासोबत जातो, मग ओटीपी तिकडे वाजतो आणि इकडे बाई वाट बघत बसते. माणूस गावात असतानाच हे उरकलं पाहिजे. विधवा बहिणींची ओळ वेगळी सूचना म्हणून टाकली नाही, त्याच चौकटीत टाकली. काम एकच आहे, फक्त कागद वेगळा.

संकेतस्थळाचा पत्ताही खाली छापला, कारण सारख्या नावाची खोटी पानं फिरत होती. ladakibahin.maharashtra.gov.in हा पत्ता एकीने मोठ्याने अक्षर अक्षर वाचला आणि दुसरीने कागदावर ताडून बघितला. शेवटी gov.in नसेल तर तिथे आधार क्रमांक टाकू नका, ही ओळ लिपिकाताईंनी स्वतः सुचवली.

भाषेचं थोडं. पत्रक लिहायला बसलं की आपला हात आपोआप सरकारी होतो. 'सदर', 'उपरोक्त', 'तरी'. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात गावच्या बायांनी 'महिला डाकिया' नावाचं पत्रक काढलं होतं, आणि २००२ मध्ये शेजारच्या चित्रकूटमधून बायांनीच 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र सुरू केलं, तेही बुंदेलीत, घरात बोलतात त्या भाषेत. आम्ही पूर्ण झाडीबोलीत लिहा असं म्हणत नाही, पण वाक्य तोंडाने बोलून बघा. बैठकीत बोलताना जे वाक्य तोंडात येणार नाही ते कागदावरही नको.

कारण आपल्याकडे पत्रक जितकं वाचलं जातं त्याहून जास्त ऐकलं जातं. गटात दहा बाया असतील तर वाचणाऱ्या चार. बैठकीत सीआरपी ताई किंवा कोणाची तरी पोरगी वाचते. म्हणून शेवटची तपासणी कानाने होते. चौकट एकदा मोठ्याने वाचायची आणि ऐकणाऱ्या बाईला विचारायचं, "मंग आता तुम्ही काय कराल?" तिने वार, जागा आणि सोबत काय न्यायचं हे तीन सांगितले पाहिजेत. आम्ही नवा कागद काकूंसमोर वाचला. त्या म्हणाल्या, "बुधवारी सकाळी अंगणवाडीत, दाखला घेऊन." १० तारखेला त्या आल्या, स्वतःची ई-केवायसी केली आणि दाखल्याची प्रत सेविकाताईंकडे दिली. काहींना नवऱ्याच्या फोनसाठी घरी परत जावं लागलं. कागदावर लिहिलं तरी एवढं होतंच.

मोबाइलवरच्या फोटोचं मात्र कोडं पूर्ण सुटलेलं नाही. कागद भिंतीवरून काढता येतो, फोटो दोन महिन्यांनीही कोणीतरी पुढे पाठवतं. त्यावर एवढंच करता येतं की महिना आणि वर्ष कागदाच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात हवं, आणि ते चौकटीच्या आत हवं, कारण फोटो काढताना बाया चौकटच तेवढी घेतात. तुम्ही हे भाषण छापलेलं वाचत असाल तर आता ३१ डिसेंबर २०२५ कधीच मागे गेली आहे. या योजनेत आज काय लागतं ते आमच्या या बोलण्यावरून ठरवू नका, अंगणवाडीत विचारा.

आणि भिंतीवरच्या प्रतीसाठी त्या ग्रामसंघाने एक गोष्ट केली, ती आम्ही आता सगळीकडे सांगतो. अंगणवाडीच्या भिंतीला पत्रकासाठी एकच खिळा ठोकला. नवा कागद अडकवायचा तर जुना काढावाच लागतो. मध्येच तारीख बदलली तर सीआरपी ताई त्याच कागदावर जुनी तारीख पेनने खोडून नवी लिहितात आणि बाजूला त्या दिवसाची तारीख टाकतात. पेन दोरीने खिळ्यालाच बांधलेला आहे.